नकार कुठे लावायचा?

बसमध्ये वाहकाच्या जागेजवळ एक ओळ रंगवलेली असायची, अजूनही काही गाड्यांत ती दिसते: ‘प्रवाशांनी सुटे पैसे देऊन वाहकास सहकार्य करावे.’ स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी बुद्धिमत्ता चाचणीतला ‘विधान आणि गृहीतके’ हा भाग शिकवतो. पहिल्या दिवशी फळ्यावर हीच ओळ लिहितो आणि तिच्याखाली पाच वाक्यं मांडतो. पहिलं, काही प्रवासी सध्या सुटे पैसे देत नाहीत. दुसरं, सुटे पैसे आणणं प्रवाशांना शक्य असतं. तिसरं, ही सूचना वाचून सगळे प्रवासी सुटे पैसे आणू लागतील. चौथं, सुटे पैसे मिळाले तर तिकिटं लवकर देऊन होतील. पाचवं, वाहकाजवळ सुटे पैसे अजिबात नसतात. मग विचारतो, की ही ओळ लिहिणाऱ्यानं यातलं काय गृहीत धरलं आहे?

बहुतेक हात चौथ्या आणि पाचव्या वाक्याला वर होतात. पहिल्या वाक्याला जवळजवळ कोणीच हात वर करत नाही. का, असं विचारलं की उत्तर येतं, “सर, ते तर उघडच आहे. त्यात गृहीत धरण्यासारखं काय?” सगळी गफलत या उत्तरात आहे. मुलं काहीतरी नवं, चमकदार, शोधून काढण्यासारखं वाक्य हुडकत असतात. गृहीतक मात्र बहुधा इतकं साधं असतं, की ते बोलून दाखवावं असं कोणालाच वाटत नाही. ते बोललं गेलेलं नसतं त्याचं कारणही तेच.

मराठी व्याकरणात याला जवळचा शब्द आहे: अध्याहृत. ‘इकडे ये’ या वाक्यात कर्ता दिसत नाही, पण ‘तू’ तिथे आहेच. त्याच्याशिवाय वाक्याला अर्थ लागत नाही म्हणून तो आपण मानतो, आपल्याला हवा म्हणून नव्हे. वाक्यात जसा एखादा शब्द अध्याहृत असतो, तसं बोलण्यात एखादं आख्खं वाक्य अध्याहृत असतं, आणि तेच गृहीतक. निष्कर्षाची जात वेगळी. त्या शब्दातच बाहेर ओढून काढण्याची क्रिया आहे. विधान हाती आल्यावर त्यातून आपण जे काढतो तो निष्कर्ष. गृहीतक विधानाच्या आधीचं असतं, बोलणाऱ्यानं तोंड उघडण्यापूर्वी धरलेलं. निष्कर्ष त्याच्या नंतरचा, ऐकणाऱ्यानं काढलेला.

आधी आणि नंतर एवढं कळलं तरी परीक्षेत भागत नाही, कारण कागदावर दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. बँकांच्या परीक्षांत एक विधान देतात, त्याखाली दोन गृहीतकं देतात, आणि विचारतात की यातलं फक्त पहिलं अंतर्भूत आहे, फक्त दुसरं, दोन्हीपैकी कोणतंही एक, दोन्ही नाहीत, की दोन्ही आहेत. पर्यायावर ‘मी निष्कर्ष आहे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली नसते. म्हणून एक चाचणी लागते. ती शिकवली जाते सगळीकडे, पण बहुतेक वेळा अर्धीच.

चाचणी अशी. पर्यायातल्या वाक्याला नकार लावायचा, तो नकार खरा आहे असं धरायचं, आणि मग मूळ विधानाकडे पुन्हा पाहायचं. विधानाचा आधार सुटला तर ते गृहीतक. विधान तसंच उभं राहिलं तर ते गृहीतक नव्हे, मग ते वाक्य कितीही खरं असो.

फलकावर लावून पाहू. पहिल्या वाक्याचा नकार: सगळेच प्रवासी आधीपासून सुटे पैसे देतात. मग ही ओळ रंगवायचं कारणच उरत नाही. फलक कोसळला. दुसऱ्याचा नकार: सुटे पैसे आणणं प्रवाशांना शक्यच नसतं. अशक्य गोष्टीची विनंती कोण करेल? पुन्हा कोसळला. ही दोन्ही गृहीतकं आहेत.

तिसऱ्याचा नकार: सूचना वाचूनही काही प्रवासी सुटे आणणार नाहीत. फलकाचं काही बिघडत नाही. साठातल्या वीस जणांनी आणले तरी वाहकाचं काम हलकं होतं. विनंती करणाऱ्यानं इतकंच धरलेलं असतं की कोणीतरी ऐकेल. सगळे ऐकतील ही त्याची आशा असेल, पण त्याच्या विनंतीला त्या आशेची गरज नाही.

चौथं वाक्य सगळ्यांना मोह घालतं, कारण ते खरं असण्याचा संभव खूप आहे. त्याचा नकार: सुटे मिळाले तरी तिकिटं लवकर होणार नाहीत. तरीही फलक उभा राहतो. ज्यांनी एसटीनं प्रवास केला आहे त्यांना तिकिटाच्या मागे पेनानं लिहिलेली बाकी आठवत असेल, आणि उतरताना ती मागायला विसरल्याची हळहळही. सुटे नसले की बाकी ठेवावी लागते, तिचा हिशेब ठेवावा लागतो, त्यावरून कुरबुरी होतात. या कटकटी टळाव्यात एवढ्यासाठीही ती विनंती असू शकते. तिकिटं लवकर होणं हा त्या विनंतीचा एक संभाव्य परिणाम आहे, तिचा पाया नाही.

पाचव्या वाक्यात चूक आहे ती मापाची. वाहकाजवळ थोडे सुटे असतात, असं धरलं तरी फलक पडत नाही. थोड्या सुट्ट्यांवर भरलेल्या गाडीतल्या पाचशेच्या नोटा मोडता येत नाहीत. फलकाला लागणारं गृहीतक याच दिशेचं, पण खूप नरम आहे: सुटे न दिल्यानं वाहकाची निदान कधीतरी अडचण होते. ‘अजिबात’ या एका शब्दानं वाक्य गरजेपेक्षा जड झालं. प्रश्न काढणारे नेमके असेच शब्द पेरतात: सर्व, फक्त, नेहमी, नक्कीच, सर्वात चांगला. हे शब्द दिसले की पर्याय चूक, असा नियम काही जण पाठ करतात, पण तो नियम खरा नाही. विधानच जर ‘फक्त पोहता येणाऱ्यांनीच अर्ज करावा’ असं असेल, तर त्याच्या गृहीतकातही तेवढ्याच ठामपणे पोहण्याची गरज येऊ शकते. शब्द पाहून ठरवायचं नाही, नकार लावून पाहायचं.

ही चाचणी परीक्षावाल्यांनी शोधलेली नाही. आपल्याकडे मीमांसकांनी ज्ञानाच्या साधनांत अर्थापत्ती नावाचं एक साधन मोजलं आहे आणि त्यासाठी देवदत्त नावाच्या माणसाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. देवदत्त चांगला गुटगुटीत आहे, आणि तो दिवसा जेवत नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदायच्या तर तो रात्री जेवत असला पाहिजे. ते मानलं नाही तर समोरची गोष्ट जुळतच नाही. या न जुळण्याला ‘अन्यथा अनुपपत्ती’ म्हणतात, म्हणजे एरवी उपपत्ती न लागणं. आपण नकार लावून विधान कोसळतं का पाहतो, ते दुसरं काय आहे? नैयायिकांनी अर्थापत्तीला स्वतंत्र साधन न मानता अनुमानातच घातलं. तो वाद इथे बाजूला ठेवू, पण त्यातली एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आधी नकार लावण्यातली एक अडचण. ती खास आपल्या भाषेची आहे आणि मराठीतून शिकणाऱ्या मुलांना तिचा वेगळा त्रास होतो. आपण नकार क्रियापदाला लावतो. ‘सगळे प्रवासी सुटे आणतात’ याचा नकार मुलं लिहितात, ‘सगळे प्रवासी सुटे आणत नाहीत’. या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, कोणीच आणत नाही. दोन, काही आणतात, काही नाही. चाचणीला दुसरा अर्थ हवा असतो आणि डोक्यात पहिला बसतो. पहिला अर्थ धरला तर जवळजवळ प्रत्येक विधान कोसळतं, आणि तिसरं वाक्यसुद्धा गृहीतक वाटू लागतं: सूचना वाचूनही कोणीच सुटे आणणार नसेल, तर फलक लावायचाच कशाला! मुलांचं तर्कट बरोबर असतं, नकार चुकलेला असतो.

यावर उपाय मराठीतच आहे. वाक्याला हात न लावता त्याच्या शेवटी ‘असं नाही’ जोडायचं. सगळे प्रवासी सुटे आणतात असं नाही. आता दुसरा अर्थ निघतच नाही. तसंच ‘काही जण आणतात’ याचा नकार ‘काही जण आणत नाहीत’ हा नव्हे, ही दोन्ही वाक्यं एकाच गाडीत एकाच वेळी खरी असू शकतात. त्याचा नकार ‘कोणीच आणत नाही’. आणि ‘महाग’चा नकार ‘स्वस्त’ नव्हे, ‘महाग नाही’ एवढाच. उलट टोक गाठायचं नाही, वाक्य खोटं ठरेल इतकंच सरकायचं.

इथपर्यंत बहुतेक शिकवण्या येतात आणि थांबतात. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण हुशार मुलं इथेच मार्क घालवतात.

एक विधान घेऊ. ‘अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे उद्या जिल्ह्यातल्या सर्व शाळा बंद राहतील.’ पर्याय: उद्या जिल्हा परिषदेच्या शाळाही बंद राहतील. नकार लावा. जिल्हा परिषदेच्या शाळा चालू राहणार असतील तर ‘सर्व शाळा बंद’ हे विधान खोटं पडलं. म्हणजे विधान कोसळलं, म्हणजे हे गृहीतक! चाचणीनं तर हिरवा कंदील दिला. तरीही उत्तर चूक आहे, ते वाक्य विधानातून निघणारा निष्कर्ष आहे.

हे होणारच होतं. एखादी गोष्ट विधानातून अटळपणे निघत असेल, तर ती खोटी ठरताच विधानही खोटं ठरतं. तर्काचा तो जुना नियम आहे. म्हणजे नुसता ‘कोसळलं का?’ हा प्रश्न पक्क्या निष्कर्षालाही गृहीतकाच्या रांगेत उभा करतो. फरक कळायचा तर काय कोसळलं, हे पाहावं लागतं.

त्याच विधानाला दुसरा पर्याय लावून पाहा: एरवी उद्या शाळा भरणार होत्या. याचा नकार: उद्या रविवार आहे, शाळा एरवीही भरणार नव्हत्या. आता काय झालं? ‘उद्या सर्व शाळा बंद राहतील’ हे विधान खोटं पडलं का? नाही. ते अजूनही अक्षरशः खरं आहे, रविवारी सर्व शाळा बंदच असतात. पण अतिवृष्टीचं कारण देऊन ते जाहीर करण्याला काही अर्थ उरला नाही. कारण आणि निर्णय यांना जोडणारा सांधा निखळला. गृहीतक काढून घेतलं की असं होतं.

निष्कर्षाला नकार दिला की विधानाचा मजकूरच खोटा पडतो, कारण तो निष्कर्ष त्या मजकुराच्या पोटात होता. गृहीतकाला नकार दिला की मजकूर शाबूत राहू शकतो, पण तो बोलण्यामागचं कारण, हेतू, किंवा कारणापासून निर्णयापर्यंतची उडी निकामी होते. मी मुलांना सांगतो, नकार लावल्यावर दोन प्रश्न विचारा. विधानाचं काही बिघडलं का? आणि बिघडलं असेल, तर शब्द खोटे पडले की सांधा निखळला?

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ज्या विधानात ‘म्हणून’ असतं तिथे. एका गावाबद्दल कोणी असं म्हणालं समजा: ‘यंदा मे महिन्यातही गावातल्या विहिरींना पाणी आहे. म्हणजे दोन वर्षांपूर्वी केलेल्या पाणलोटाच्या कामांचा उपयोग झाला.’ इथे पहिलं वाक्य पुरावा आहे, दुसरं वाक्य बोलणाऱ्यानं स्वतःच काढलेला निष्कर्ष आहे. आपल्याला हवी आहे ती दोघांच्या मधली न बोललेली फळी.

चार पर्याय ठेवू. ‘दोन वर्षांपूर्वी गावात पाणलोटाची कामं झाली.’ ‘विहिरींना मेमध्ये पाणी राहण्यामागे केवळ गेल्या पावसाळ्यातला जादा पाऊस नाही.’ ‘शेजारच्या गावांनीही अशी कामं केली तर त्यांच्याही विहिरींना पाणी राहील.’ ‘यंदा गावाला टँकर लागला नाही.’

शेवटचा पर्याय आधी काढून टाकू. विहिरींना पाणी आहे यावरून टँकर लागला नसेल असं वाटतं, पण ते आपण काढलेलं अनुमान आहे, तेही कच्चं. विहिरीत पाणी असलं तरी ते पिण्याजोगं नसेल, किंवा दूरच्या वस्तीला टँकर लागला असेल. त्याला नकार द्या, मूळ युक्तिवाद जागचा हलत नाही. तिसरा पर्याय पुढे धावतो. एका गावाचा अनुभव घेऊन तो दुसऱ्या गावांवर जातो. शेजारचं गाव उभ्या उताराच्या कातळावर असेल, तिथे पाणी मुरणारच नाही. तसं झालं तरी या गावातल्या कामांचा उपयोग खोटा ठरत नाही. पुढाऱ्याच्या भाषणात हे वाक्य पुढचं म्हणून येईल. ते आलं तर पुढे येईल, खाली नाही.

दुसरा पर्याय खरा गाभा. त्याचा नकार असा: पाणी राहिलं ते केवळ जादा पावसामुळे. आता पाहा, पुरावा जसाच्या तसा खरा आहे, मेमध्ये विहिरींना पाणी आहेच. पण त्या पुराव्यावरून कामांबद्दल काहीही म्हणता येत नाही. कामं चांगली असतीलही, पण हे पाणी त्यांची साक्ष देत नाही. शब्द टिकले, सांधा गेला. इथे गृहीतक हाताला लागतं.

याच जागी एक जरा वेगळं वाक्य देतात: ‘गेल्या पावसाळ्यात नेहमीपेक्षा जास्त पाऊस झाला नव्हता.’ हे गृहीतक आहे का? त्याला नकार द्या, थोडा जास्त पाऊस झाला होता. युक्तिवाद लंगडा होतो, पण मरत नाही. थोडा जास्त पाऊस आणि कामं, दोन्हींचा वाटा असू शकतो. म्हणून काटेकोर पाहिलं तर हे वाक्य अटळ नाही, ‘केवळ’ असलेलंच अटळ आहे. परीक्षेत मात्र असं वाक्य पुष्कळदा बरोबर धरलं जातं, कारण ज्या कारणानं युक्तिवाद पोखरला जातो त्या कारणाला ते दाराशीच अडवतं. मी मुलांना सांगतो, समोर दोन्ही असतील तर ‘केवळ’वालं निवडा, एकटं हेच असेल तर बाकीचे पर्याय पाहून ठरवा. यापेक्षा नेमकं सांगता येत नाही, आणि सांगता येतं असं भासवणं मला पटत नाही.

पहिला पर्याय उरला: गावात कामं झाली. हे गृहीतक आहे, पण वेगळ्या घडणीचं. दुसरा पर्याय पुरावा आणि निष्कर्ष यांच्या मधे होता. हा ‘केलेल्या कामांचा’ या शब्दांतच दडलेला आहे. अशा गृहीतकाला ओळखायची खूण जर्मन तर्कज्ञ गोटलोब फ्रेग यांच्या १८९२ सालच्या निबंधात सापडते. त्यांचं उदाहरण खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांचं होतं. ‘केप्लर हलाखीत मेले’ असं कोणी म्हटलं, तर केप्लर नावाचा कोणी माणूस होऊन गेला हे त्यात धरलेलं आहे. आता त्या विधानालाच नकार द्या: ‘केप्लर हलाखीत मेले नाहीत’. केप्लर होऊन गेले हे तरीही धरलेलंच आहे. विधान उलटं फिरवलं तरी जे हलत नाही, ते पोटात नाही, पायाशी आहे.

इथे नकार पर्यायाला न लावता विधानाला लावला, हे लक्षात घ्या. मराठीत ही खूण फार छान चालते. ‘बाबांनी तंबाखू सोडली.’ यावरून ‘बाबा आधी तंबाखू खात होते’ आणि ‘बाबा आता तंबाखू खात नाहीत’ ही दोन्ही वाक्यं निघाल्यासारखी वाटतात आणि पहिल्या चाचणीत दोन्ही विधानाला पाडतात. आता विधान उलटवा: ‘बाबांनी तंबाखू सोडली नाही.’ आधी खात होते, हे टिकलं. आता खात नाहीत, हे उडालं. पहिलं गृहीतक, दुसरं निष्कर्ष. प्रश्न करून पाहा, ‘बाबांनी तंबाखू सोडली का?’ तेव्हाही आधी खाण्याची गोष्ट तशीच राहते.

‘पुन्हा’, ‘अजून’, ‘ही’ यांसारखे छोटे शब्द असली गृहीतकं पोटाशी धरून असतात. ‘आजही नळाला पाणी आलं नाही’ या वाक्यात आधी एखाद्या दिवशी पाणी आलं नव्हतं हे धरलेलं आहे, आणि ते सगळं त्या एका ‘ही’च्या अंगावर आहे. ‘आजही पाणी आलं नाही का?’ असं शेजाऱ्यानं विचारलं तरी ते धरलेलं तसंच राहतं. परीक्षेत विधान वाचताना अशा शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारावी, असं मी सांगतो.

मात्र ही दुसरी चाचणी फलकाला लावायला गेलात तर ती साथ देत नाही. ‘प्रवाशांनी सुटे पैसे देऊ नयेत’ असं उलटवलं की सुट्ट्यांवाचून वाहकाची अडचण होते हे गृहीतक टिकत नाही, कारण विनंतीबरोबर तिचा हेतूही उलटला. शब्दांत दडलेल्या गृहीतकाला विधान उलटवून पाहायचं. हेतूत किंवा युक्तिवादाच्या फटीत दडलेल्या गृहीतकाला पर्याय उलटवून पाहायचं. दोन्हींची सरमिसळ केली की बरोबर उत्तर हातातून निसटतं.

आता देवदत्ताकडे परत येऊ. ‘देवदत्त रात्री जेवतो’ हे गृहीतक आहे की निष्कर्ष? आपण त्याची अंगकाठी पाहिली, दिवसाचा उपास पाहिला आणि ते काढलं, म्हणून आपल्यासाठी तो निष्कर्ष आहे. नैयायिकांनी ते अनुमानात घातलं त्यामागे हेच असावं. पण समजा, देवदत्ताची आई म्हणाली, ‘दिवसभर उपास करतो तो, रात्री मात्र त्याच्यासाठी भाजी जास्त करावी लागते.’ आता तेच वाक्य तिच्या बोलण्याखाली अध्याहृत आहे. तिनं ते काढलेलं नाही, ते धरूनच ती बोलते आहे. म्हणजे गृहीतक किंवा निष्कर्ष हा वाक्याचा स्वभाव नाही, ते त्या वाक्यानं त्या ठिकाणी केलेलं काम आहे. पर्याय एकटा वाचून ‘हे गृहीतकासारखं वाटतं’ असं ठरवणारी मुलं इथेच फसतात. विधानावाचून पर्यायाला जात नसते.

वॉटसन आणि ग्लेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची विचारक्षमता तपासणारी एक जुनी चाचणी आहे, नोकरभरतीत ती आजही वापरली जाते. तिच्यात अनुमान आणि गृहीतक यांचे विभाग वेगळे आहेत आणि उत्तरांची सोयही वेगळी आहे. अनुमानाला पाच उत्तरं: खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, खोटं. गृहीतकाला दोनच: धरलं आहे किंवा धरलेलं नाही. मला ही रचना फार बोलकी वाटते. पुराव्यावरून काढलेली गोष्ट कमीअधिक शक्यतेची असू शकते. विधानाला एखाद्या वाक्याची गरज आहे की नाही, यात ‘बहुधा’ बसत नाही. पर्याय वाचताना मनात ‘असं होण्याची शक्यता खूप आहे’ असं आलं, तर समजावं की आपण नकळत अनुमानाच्या विभागात जाऊन बसलो आहोत. तिकिटं लवकर होतील, हे वाक्य आपल्याला तिथेच नेत होतं.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून जो दुसरा पेपर आला, त्यात एकाच प्रकारच्या उताऱ्यांखाली कधी गृहीतक विचारतात, कधी उताऱ्यातून निघणारं अनुमान. उतारा वाचून झाल्यावर थकलेल्या डोळ्यांना प्रश्नातला तो एक शब्द दिसत नाही, आणि बरोबर काढलेलं अनुमान गृहीतकाच्या गोलात रंगवलं जातं. म्हणून उताऱ्याच्या आधी प्रश्न वाचून त्या शब्दाभोवती गोल करायचा, एवढी एक सवय मी सक्तीनं लावतो.

वर्ग संपताना फळ्यावरची बसची ओळ तशीच असते. मी मुलांना विचारतो, पाच पर्यायांत न दिलेलं, पण या ओळीला लागणारं आणखी एखादं गृहीतक सांगा. सूचना वाचता येते, असं कोणी म्हणतं. सूचना मराठीत आहे आणि प्रवाशाला मराठी येतं, असं दुसरं कोणी म्हणतं. दोन्ही बरोबर, फक्त ‘निदान काही प्रवाशांना’ असं नरम करून घ्यायचं. परवा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ती रोज तालुक्याहून एसटीनं येते आणि वाहकाच्या यंत्रावरचा कोड फोननं टिपून पैसे देते. म्हणाली, “प्रवासी तिकिटाचे पैसे रोख देतात, हे धरलंय.” सगळ्यांनी मिळून नकार लावून पाहिला. कोणीच रोख पैसे देत नाही, असं धरलं. फलकावरचा एकही शब्द खोटा पडला नाही, आणि फलक उतरवून ठेवायची वेळ आली.